60 मिलिमीटरमध्ये हरवणारा मोमेंट
पोलादी जोडण्यांची गणिते करणाऱ्या अभियंत्यांना खुले पत्र

पोलादी संरचनांच्या जोडण्यांची गणिते तयार करणाऱ्या आणि त्यांवर सही करणाऱ्या सर्व संरचना अभियंत्यांस,



जोडणीचे गणित तपासायला येते तेव्हा त्यात साधारणपणे तीन गोष्टी असतात: विश्लेषणातून काढलेल्या बलांचा तक्ता, एका बोल्टची क्षमता, आणि शेवटी हिरव्या रंगात ‘सुरक्षित’ हा शेरा. बेरीज-गुणाकार बहुधा बरोबर असतात. समकक्ष परीक्षणात, म्हणजे पीअर रिव्ह्यूमध्ये, जे शेरे पुन्हा पुन्हा लिहावे लागतात ते आकडेमोडीच्या चुकांबद्दल नसतात. ते असतात गणितात नसलेल्या गोष्टींबद्दल. बल कुठून आले आणि जोडणीतून पुढे कुठे गेले, हे लिहिलेले नसते. बोल्ट एकेकटे तपासलेले असतात, त्यांचा समूह म्हणून विचार झालेला नसतो. या दोन उणिवा वरवर वेगळ्या दिसल्या तरी दुसरी बहुतेक वेळा पहिलीतूनच जन्मते. हे पत्र त्या दोहोंबद्दल आहे.

मुद्दा हवेत राहू नये म्हणून एक ठराविक जोडणी उदाहरणादाखल घेतली आहे. प्रक्रिया उद्योगातील बहुमजली उपकरण-प्लॅटफॉर्म, वर ग्रेटिंगची जमीन. एका ओळीत सहा कॉलम, आणि ब्रेसिंग फक्त पाचव्या व सहाव्या कॉलममधील गाळ्यात. चौथ्या व पाचव्या कॉलममधला बीम आयएसएमबी 400. तो पाचव्या कॉलमच्या फ्लँजला फिन प्लेटने जोडलेला आहे. प्लेट 10 मिमी जाडीची व 290 मिमी उंचीची, कॉलमला दोन्ही बाजूंनी फिलेट वेल्ड केलेली. बीमच्या वेबला 8.8 प्रतीचे एम20 चार बोल्ट एका उभ्या ओळीत, 70 मिमी अंतराने, कडेपासून सर्वत्र 40 मिमी. कॉलमच्या फ्लँजपासून बोल्टांच्या ओळीपर्यंतचे अंतर 60 मिमी. गुणित उभा शिअर 180 किलोन्यूटन. अशा जोडण्या एकेका प्लॅटफॉर्मवर शेकड्यांनी असतात, आणि म्हणूनच त्यांचे गणित एकदा स्प्रेडशीटमध्ये बसले की पुन्हा उघडून पाहिले जात नाही.

सादर केलेले गणित असे असते. आयएस 800:2007 प्रमाणे एका बोल्टची शिअर क्षमता, आटे शिअरच्या प्रतलात धरून, सुमारे 90.5 किलोन्यूटन. बीमच्या 8.9 मिमी जाड वेबवर बेअरिंगची क्षमता सुमारे 88.5 किलोन्यूटन. दोहोंतली कमी ती 88.5. चार बोल्टांची मिळून 354. मागणी 180. गुणोत्तर 0.51. म्हणजे निम्मी क्षमता शिल्लक, आणि शेरा ‘सुरक्षित’. यातला प्रत्येक आकडा बरोबर आहे. तरीही हीच जोडणी अपुरी आहे, ती कशी हे क्रमाने पाहू.

पहिली तक्रार: आडवे बल शून्य का आहे, हे कोणी विचारत नाही

बलांच्या तक्त्यात या बीमचे अक्षीय बल शून्य दाखवलेले असते. गणित करणारा तो आकडा उचलतो आणि पुढे जातो. परंतु ब्रेसिंग फक्त शेवटच्या गाळ्यात असताना उरलेल्या कॉलमांवरचे आडवे बल तिथपर्यंत कशातून पोहोचते, हा प्रश्न त्या शून्याने सुटत नाही. तो फक्त झाकला जातो.

हे शून्य कुठून येते ते मॉडेल उघडल्यावर कळते. प्लॅटफॉर्मच्या पातळीवर ‘रिजिड डायाफ्राम’ लावलेला असतो. तो लावला की त्या पातळीवरचे सारे नोड आडव्या प्रतलात एकसंध तबकडीसारखे हलतात. बीमच्या दोन टोकांमधले अंतर बदलतच नाही. लांबीत बदल नाही म्हणून अक्षीय बलही नाही. आडवे बल त्या कल्पित तबकडीतून वाहून ब्रेसिंगला पोहोचते आणि छापील निकालात कुठेच दिसत नाही. काँक्रीटची सलग स्लॅब असेल आणि ती बीमला शिअर स्टडने नीट बांधलेली असेल, तर या गृहीतकाला आधार आहे. तेव्हाही स्लॅबमधून ब्रेसिंगच्या गाळ्यात बल उतरवणाऱ्या बीमचा आणि स्टडचा हिशेब वेगळा द्यावाच लागतो. क्लिपांनी अडकवलेले ग्रेटिंग मात्र डायाफ्राम नव्हे. त्याच्या पट्ट्या सुट्या असतात, देखभालीसाठी काढल्या जातात आणि क्लिपा ढिल्या होतात. तिथे आडवे बल बीममधूनच जाणार.

उदाहरणातल्या ओळीत पहिल्या चार कॉलमांच्या माथ्यावर त्या पातळीला प्रत्येकी 35 किलोन्यूटन गुणित आडवे बल येते असे धरू. पहिल्या बीममध्ये 35, दुसऱ्यात 70, तिसऱ्यात 105, आणि पाचव्या कॉलमला टेकणाऱ्या चौथ्या बीममध्ये 140. हे बल फिन प्लेटच्या चार बोल्टांतूनच कॉलममध्ये शिरते, कारण त्याला दुसरा रस्ता नाही. भूकंप किंवा वारा उलटा आला की हेच बल दाब बनते, आणि तेव्हा बोल्टांबरोबर फिन प्लेटच्या बकलिंगचीही तपासणी लागते.

मॉडेलमधून डायाफ्राम काढला तर हे बल लगेच दिसते, आणि परीक्षकाची पहिली कसोटी हीच असते. ती करायला फार वेळ लागत नाही. संगणकाला हात न लावताही ती करता येते: एका ओळीतली सारी आडवी बले जोडायची आणि ब्रेसिंगच्या आडव्या घटकाशी ताडून पाहायची. बेरीज जुळते, पण मधल्या एकाही बीमच्या तक्त्यात अक्षीय बल नाही, असे दिसले की भारमार्ग तिथे तुटला आहे असे समजावे.

याच तक्त्यात आणखी एक सवय आढळते. प्रत्येक बलाचे कमाल मूल्य वेगवेगळ्या रकान्यात दिलेले असते, पण ते कोणत्या भार-संयोगातले हे लिहिलेले नसते. सगळी कमाल मूल्ये एकत्र धरली तर जोडणी उगाच जड होते. याच्या उलट, शिअरच्या कमाल संयोगात अक्षीय बल नाही म्हणून ते सोडून दिले, तर दोन्ही एकत्र येणारा संयोग निसटतो. बोल्टसमूहासाठी एकाच वेळी येणारी बलेच लागतात. या उदाहरणात 180 आणि 140 ही दोन्ही मूल्ये एकाच संयोगातली धरली आहेत.

दुसरी तक्रार: उत्केंद्रता दोन्ही बाजूंनी गायब होते

फिन प्लेटच्या जोडणीला ‘साधी’ जोडणी म्हणतात, म्हणजे बीमच्या टोकाला मोमेंट नाही असे गृहीत धरतात. पण शून्य मोमेंट एका बिंदूवर असतो, अख्ख्या जोडणीत नसतो. तो बिंदू कुठे धरला हे सांगणे गणित करणाऱ्याचे काम आहे.

शून्य मोमेंट कॉलमच्या फ्लँजवर, म्हणजे वेल्डच्या रेषेत धरला, तर बोल्टांची ओळ तिथून 60 मिमी दूर आहे. बोल्टसमूहावर 180 × 0.06, म्हणजे 10.8 किलोन्यूटन-मीटर मोमेंट येतो. तो बोल्टांच्या ओळीवर धरला, तर हाच 10.8 किलोन्यूटन-मीटर वेल्डवर आणि कॉलमवर येतो. तो कुठे द्यायचा यावर वाद होऊ शकतो. कॉलमची कडकता, बीमच्या टोकाचे वळण, जोडणी किती लवचीक आहे यावर ते ठरते. सुरक्षित बाजूला राहायचे म्हणून काही जण दोन्ही ठिकाणी तो धरतात, आणि त्यात गैर काही नाही.

सादर होणाऱ्या गणितात मात्र तिसराच प्रकार दिसतो. बोल्टांच्या पानावर शून्य मोमेंट बोल्टांच्या ओळीत धरलेला असतो, म्हणून बोल्टांना फक्त शिअर. वेल्डच्या पानावर तोच शून्य मोमेंट वेल्डच्या रेषेत धरलेला असतो, म्हणून वेल्डलाही फक्त शिअर. दोन पाने बहुधा दोन वेगळ्या साच्यांतून आलेली असतात आणि प्रत्येकाने दुसऱ्यावर विसंबलेले असते. परिणामी 10.8 किलोन्यूटन-मीटर 60 मिलिमीटरच्या अंतरात नाहीसा होतो. समतोलाचा साधा नियम इथे मोडतो. प्लेटचा तेवढाच तुकडा कापून त्यावरची बले काढली, तर एका टोकाला 180 वर, दुसऱ्या टोकाला 180 खाली, आणि ते फिरू नये म्हणून काहीच नाही, असे चित्र दिसते. प्लेटचे हे मुक्त-पिंड चित्र गणितात असेल, तर ही चूक होऊच शकत नाही.

तिसरी तक्रार: बोल्टसमूहाची तपासणी ‘एका बोल्टची क्षमता गुणिले चार’ एवढीच असते

समूहावर मोमेंट आला की बोल्ट समान भार घेत नाहीत. समूहाच्या मध्यापासून जो जितका दूर, त्याच्यावर तितके जास्त बल. लवचीक पद्धतीत हे सरळ काढता येते. चार बोल्ट मध्यापासून 35 आणि 105 मिमीवर, वर दोन आणि खाली दोन. अंतरांच्या वर्गांची बेरीज:

```
Σy² = 2 × (35² + 105²) = 24500 mm²
```

टोकाच्या बोल्टवर मोमेंटमुळे येणारे आडवे बल 10.8 × 10⁶ × 105 ÷ 24500, म्हणजे 46.3 किलोन्यूटन. उभा शिअर समान वाटून प्रत्येकी 45. दोहोंचे परिणामी बल सुमारे 64.6. क्षमता 88.5 असल्याने गुणोत्तर 0.73. म्हणजे फक्त 60 मिमी उत्केंद्रतेने 0.51 चे 0.73 झाले. जोडणी अजून सुरक्षित आहे, पण शिल्लक निम्म्यावरून पावपट उरली.

आता अक्षीय 140 घ्यायचे. प्रत्येक बोल्टवर आडवे 35 किलोन्यूटन. मोमेंटचे आडवे बल वरच्या आणि खालच्या बोल्टवर विरुद्ध दिशेने असते, म्हणून एका टोकाला ते अक्षीय बलाशी जोडले जाते. तिथे आडवे एकूण 81.3, उभे 45, परिणामी 92.9 किलोन्यूटन. बेअरिंगची क्षमता 88.5, बोल्टची शिअर क्षमता 90.5. गुणोत्तर 1.05. दोन्ही मर्यादा ओलांडल्या.

सादर केलेला 0.51 आणि परीक्षणात निघालेला 1.05 या दोहोंच्या मध्ये आकडेमोडीची एकही चूक नाही. फरक पडतो तो दोन न विचारलेल्या प्रश्नांनी. भारमार्गाचा प्रश्न सुटला नाही म्हणून अक्षीय बल आले नाही, आणि समतोलाचा प्रश्न सुटला नाही म्हणून मोमेंट आला नाही.

शॉप ड्रॉइंगमध्ये आणखी एक बारीक बदल नेहमी होतो. वरून स्लॅब, ग्रेटिंगचा अँगल किंवा बोल्ट पिळायला जागा यांच्या सोयीने फिन प्लेट बीमच्या मध्यावर न ठेवता थोडी वर सरकवली जाते. उभ्या शिअरला त्याने फरक पडत नाही, म्हणून गणित पुन्हा होत नाही. पण अक्षीय बल बीमच्या अक्षातून येते आणि बोल्टसमूहाचा मध्य आता 30 मिमी वर आहे असे समजा. 140 × 0.03 म्हणजे 4.2 किलोन्यूटन-मीटरचा नवा मोमेंट समूहावर येतो. टोकाच्या बोल्टवर त्याचे 18 किलोन्यूटन. प्रतिकूल दिशेने ते जोडले गेले तर परिणामी बल सुमारे 109 होते आणि गुणोत्तर 1.23. ड्रॉइंगवर ही एका मापाची दुरुस्ती असते, आणि ती कोणत्या आवृत्तीत झाली हे गणिताच्या पानावर कुठेच नसते.

उपाय महाग नसतो. याच बीमच्या वेबमध्ये 60 मिमी अंतराने पाच बोल्ट बसतात आणि प्लेट 320 मिमी उंच होते. प्लेट मध्यावर ठेवली तर प्रत्येकी उभे 36, मोमेंटचे टोकाला 36, अक्षीय 28. आडवे 64, परिणामी सुमारे 73.4, गुणोत्तर 0.83. एक बोल्ट आणि 30 मिमी प्लेट एवढाच खर्च. हा बदल ड्रॉइंगच्या वेळी एका ओळीचा असतो. उभारणी झाल्यावर तोच बदल म्हणजे उंचावर भोक पाडणे, परवाने आणि थांबलेले काम.

इथे परीक्षकाने स्वतःच्या मर्यादाही ओळखायला हव्यात. लवचीक पद्धत बऱ्याचदा सुरक्षित बाजूला झुकलेली असते. अमेरिकेतील एआयएससीच्या मॅन्युअलमध्ये वापरलेली तात्कालिक परिभ्रमण-केंद्राची पद्धत बोल्टांच्या विरूपणाचा विचार करते, आणि त्याच समूहाला थोडी जास्त क्षमता दाखवू शकते. अभियंत्याने ती पद्धत नीट मांडली आणि 1.05 चे 0.98 केले, तर परीक्षकाने केवळ पद्धत वेगळी म्हणून ते नाकारू नये. आक्षेप पद्धतीला नाही, पद्धतच नसण्याला आहे.

ब्लॉक शिअरबद्दलही हेच. आयएस 800 च्या सूत्रांनी या प्लेटचा उभा ब्लॉक शिअर सुमारे 386 किलोन्यूटन निघतो, आणि आडव्या ओढीसाठी बीमच्या वेबचा सुमारे 472. दोन्ही मागणीपेक्षा खूप जास्त आहेत आणि इथे निर्णायक ठरत नाहीत. तरी ते लिहिलेले हवेत. बीमचा वरचा फ्लँज कापलेला असतो, म्हणजे कोप केलेला असतो, तेव्हा वेबची धार मोकळी होते आणि हीच तपासणी निर्णायक ठरू शकते. गणितात ती ओळच नसेल तर कोप असलेली जोडणीही त्याच साच्यातून ‘सुरक्षित’ होऊन बाहेर पडते.

चौथी तक्रार: बल कॉलमपाशी येऊन थांबते

फिन प्लेट आणि वेल्ड यांचे गणित संपले की फाइल संपते. पण 140 किलोन्यूटन कॉलममध्ये शिरले, तर तिथून ब्रेसिंगमध्ये जायला हवेत. विश्लेषणात बीमचा अक्ष, कॉलमचा अक्ष आणि ब्रेसिंगचा अक्ष एकाच नोडवर मिळतात. प्रत्यक्षात केबल ट्रे आडवी येते, पाइप आडवा येतो, आणि ब्रेसिंगचे गसेट खाली सरकवले जाते. ते बीमच्या अक्षापासून 450 मिमी खाली गेले असे समजू. आडवे बल कॉलममध्ये एका पातळीवर शिरते आणि 450 मिमी खाली बाहेर पडते. फक्त या बीमने आणलेल्या 140 चाच हिशेब धरला तरी 140 × 0.45, म्हणजे 63 किलोन्यूटन-मीटर मोमेंट कॉलमवर येतो. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या भागांत तो त्यांच्या कडकतेनुसार वाटला जातो. कॉलमच्या गणितात त्याचा मागमूस नसतो, कारण मॉडेलमध्ये तिन्ही अक्ष एकाच बिंदूत मिळतात.

हे कॉलमचे गणित आहे की जोडणीचे, यावर दोन गटांत टोलवाटोलवी होते. मूळ कन्सल्टंट म्हणतो, गसेट सरकवले फॅब्रिकेटरच्या ड्रॉइंगमध्ये. फॅब्रिकेटरचा अभियंता म्हणतो, कॉलम आमच्या कक्षेत नाही. त्यामुळे परीक्षकाच्या शेऱ्याला उत्तर म्हणून ‘नोंद घेतली’ एवढेच येते. बलाला मात्र कार्यकक्षा ठाऊक नसते.

बल कोणाच्या कागदावर आहे हेच स्पष्ट नसले की काय होते, याचे सर्वांत परिचित उदाहरण अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलचे आहे. 17 जुलै 1981 रोजी तिथले टांगते पादचारी मार्ग कोसळून 114 जण दगावले. वरचा आणि खालचा असे दोन मार्ग मूळ कल्पनेत एकाच सलग सळईवर टांगायचे होते. फॅब्रिकेशनच्या सोयीसाठी ती सळई दोन तुकड्यांत केली गेली, आणि खालच्या मार्गाचा भार वरच्या मार्गाच्या बॉक्स बीमवर टांगला गेला. त्या बीमखालच्या नटवरचा भार जवळपास दुप्पट झाला. नंतरच्या चौकशीत असेही दिसले की मूळ तपशीलसुद्धा स्थानिक संहितेने मागितलेल्या क्षमतेच्या सुमारे 60 टक्केच देऊ शकला असता. ड्रॉइंग अनेक हातांतून गेले होते, पण भार एका नटपासून दुसऱ्यापर्यंत कसा जातो हे कागदावर काढून पाहिले गेले नाही.

दुसरे उदाहरण परीक्षणाशी थेट जोडलेले आहे. मिनिआपोलिसचा आय-35डब्ल्यू पूल 1967 मध्ये खुला झाला आणि 1 ऑगस्ट 2007 रोजी कोसळला. त्यात 13 जणांचा मृत्यू झाला. चौकशीत काही गसेट प्लेट आवश्यकतेच्या साधारण निम्म्या जाडीच्या असल्याचे निष्पन्न झाले. पूल वापरात असताना त्याच्या भारक्षमतेचे जे आढावे घेतले गेले, त्यांत सदस्य तपासले गेले, गसेट नव्हे. सदस्य सुरक्षित आहेत म्हणजे जोडण्याही असतील, हे गृहीतक चार दशके टिकले.

विनंत्या

वरील तक्रारींवरून ज्या अपेक्षा निघतात त्या मोजक्या आहेत आणि कोणत्याही कार्यालयाला पेलतील अशा आहेत.

पहिली, प्रत्येक प्रकारच्या जोडणीच्या गणिताच्या सुरुवातीला भारमार्गाचे एक रेखाटन असावे. बल कुठल्या सदस्यातून आले, कोणत्या बोल्ट, प्लेट आणि वेल्डमधून गेले आणि पुढे कशात उतरले, हे बाणांनी दाखवलेले असावे. हाताने काढलेले चालेल. ज्या बाणाशेजारी तपासणीचे पान नाही, तिथे उणीव आहे हे काढणाऱ्यालाच दिसेल.

दुसरी, विश्लेषणातील गृहीतके जोडणीच्या गणितात लिहावीत. डायाफ्राम आहे की नाही, असल्यास तो प्रत्यक्षात कशाने बनतो, आणि बीममधील अक्षीय बल कसे मिळवले, हे एका परिच्छेदात सांगता येते. बलांच्या तक्त्यात भार-संयोगाचा क्रमांक असावा, आणि एकत्र येणारी बले एकाच ओळीत असावीत. ब्रेसिंगच्या जोडण्यांसाठी आयएस 800 च्या भूकंपविषयक 12 व्या प्रकरणातील तरतुदी विश्लेषणातील बलापेक्षा जास्त मागू शकतात. तिथे कोणते बल घेतले आणि का, हेही लिहावे.

तिसरी, शून्य मोमेंटचे ठिकाण ठरवून ते रेखाटनावर दाखवावे, आणि बोल्ट, प्लेट, वेल्ड या तिन्ही पानांवर तेच ठिकाण वापरावे. स्प्रेडशीटचे वेगवेगळे साचे जोडताना ही एक गोष्ट तपासली तरी 60 मिलिमीटरमध्ये मोमेंट हरवणार नाही.

चौथी, प्रत्येक बोल्टसमूहासाठी बोल्टवार तक्ता द्यावा: प्रत्येक बोल्टचे मध्यापासूनचे अंतर, त्यावरचे आडवे व उभे बल, परिणामी बल, क्षमता आणि गुणोत्तर. समूहाचा मध्य सदस्याच्या अक्षापासून किती सरकलेला आहे, हे तक्त्याच्या माथ्यावर लिहावे. बोल्टांवर ताणही येत असेल तर शिअर आणि ताण यांची एकत्रित तपासणी आणि प्राइंग बलाचा विचार याच तक्त्यात बसतो.

पाचवी, मंजूर शॉप ड्रॉइंगमधील प्रत्यक्ष मापांवरून गणिताची शेवटची आवृत्ती करावी. गसेट किंवा प्लेट सरकली असेल तर किती, आणि त्यामुळे कॉलमवर किती मोमेंट आला, ते मूळ कन्सल्टंटला लेखी कळवावे आणि त्यांचे लेखी उत्तर फाइलला जोडावे.

सहावी, परीक्षकाच्या शेऱ्याला उत्तर म्हणून पान द्यावे, वाक्य नाही. शेरा चुकीचा असेल तर तो कसा, ते गणिताने दाखवावे. शेरा बरोबर असेल तर दुरुस्त गणित आणि दुरुस्त ड्रॉइंगचा क्रमांक द्यावा. ‘नोंद घेतली’, ‘अभियंत्याच्या निर्णयानुसार पुरेसे’ आणि ‘सॉफ्टवेअरने तपासलेले’ ही उत्तरे नव्हेत.

परीक्षण करणाऱ्यांकडूनही एक अपेक्षा आहे. सही केलेल्या गणितातल्या बेरजा पुन्हा करणे हे परीक्षणाचे सर्वांत कमी उपयोगाचे रूप आहे. आधी मॉडेल, ड्रॉइंग आणि भारमार्ग पाहावा, आकडे त्यानंतर. गुणोत्तर 0.51 दिसले की पान उलटू नये. मोठी शिल्लक दिसते तिथे काही तपासण्या सुटल्या असण्याची शक्यता अधिक असते, कारण सुटलेली तपासणी गुणोत्तर वाढवत नाही.

उदाहरणातील जोडणीला लागला तो एक बोल्ट आणि 30 मिमी प्लेट. कॉलमवरच्या 63 किलोन्यूटन-मीटरसाठी कदाचित गसेट परत वर घ्यावे लागेल, किंवा कॉलमचा आकार बदलावा लागेल. हे निर्णय ड्रॉइंगच्या टेबलावरच स्वस्त असतात. म्हणून आग्रह एवढाच, की जोडणीच्या गणितावर सही करण्यापूर्वी प्रत्येक बल कुठून आले आणि कुठे गेले, याचे उत्तर त्याच फाइलमध्ये सापडले पाहिजे. जिथे ते सापडत नाही, ते गणित अपूर्ण समजावे आणि त्यावर सही करू नये.

कळावे,
जोडण्यांची गणिते तपासणारा एक संरचना अभियंता